रागासाठी वीस मिनिटं

स्क्रीनवरचा दरवाजा फुटायला आला होता, भिंत सगळ्यांच्या पुढे ढाल धरून उभी होती, आणि बरोबर साडेसहाला घरातलं नेट गेलं.

"आई!" पोरगी कॉम्प्युटरसमोरून ओरडली.

स्वयंपाकघरातून भांडं विसळल्याचा आवाज तेवढा आला. तिने फोनचं नेट लावून पाहिलं, ते गोगलगायीसारखं सरकत होतं. परत आत शिरेपर्यंत मॅच संपली होती. चारजण पाचजणांशी लढून हरले होते. स्क्रीनवर लाल पट्टी आली: मॅच अर्धवट सोडल्याबद्दल दंड, पॉइंट कापले, पुढचा काही वेळ नवी मॅच नाही. खाली कॅप्टनचा निरोप. 'भिंत पळाली. वा.'

खेळात तिला सगळे भिंत म्हणायचे, कारण पुढे उभं राहून मार खाणं हे तिचं काम. मागचे चौघे गोळ्या झाडणार, नाव कमावणार, आणि ही ढाल धरून उभी. घरात मात्र तिचं नाव ठसका. बोलायला लागली त्या वर्षापासून राग नाकाच्या शेंड्यावर. वय वर्षं एकोणीस, कॉलेजचं दुसरं वर्ष, आणि पहिल्या वर्षाचा एक पेपर मानेवर बसलेला: संख्याशास्त्र. सहा आठवड्यांनी तो पुन्हा द्यायचा होता, शेवटचा. या वेळी राहिला तर वर्ष गेलं. बरोबरच्या सगळ्या पुढे आणि ही पुन्हा पहिल्या वर्षाच्या बाकावर.

आणि त्याच सहा आठवड्यांत खेळाचा सीझनही संपत होता. वरच्या श्रेणीला दोनशे पॉइंट कमी होते. दोन महिने ती त्यासाठी राबत होती. एकामागून एक मॅच, जिंकलं की वीस वर, हरलं की वीस खाली. पोरं याला ग्राइंड म्हणतात. दळण घातल्यासारखं रोज घालायचं.

ती तरातरा स्वयंपाकघरात आली. आई ड्यूटीवरून येऊन अजून कपडे न बदलता ओट्याशी उभी होती. एका मोठ्या इस्पितळात ती सर्जरीच्या वॉर्डची मुख्य सिस्टर. बावीस नर्सेसच्या पाळ्या दर आठवड्याला तीच लावायची, आणि त्याच हाताने तिने लेकीचंही वेळापत्रक लावलं होतं. ते फ्रिजवर चिकटवलेलं होतं, रंगीत पेनांनी. चार ते सहा अभ्यास. सहा ते साडेसहा करमणूक. साडेसहा ते साडेनऊ अभ्यास. आणि साडेसहाला नेट आपोआप बंद व्हावं अशी सोय बाबांकडून करून घेतलेली.

"मॅच चालू होती," ठसका म्हणाली.

"साडेसहा वाजले होते."

"मॅच अर्ध्या तासाची नसते. लागायलाच पाच-दहा मिनिटं जातात, मग तीस-पस्तीस मिनिटं चालते, आणि मधे थांबवता येत नाही. मी गेले की बाकीचे चौघे मरतात. ऑपरेशन अर्धं झालं की तुमचे डॉक्टर घड्याळ बघून घरी जातात का?"

"ऑपरेशनमध्ये माणूस असतो टेबलावर. तुझ्या इथे कोण मेलं?"

"मी. चार वेळा."

टेबलाशी बसलेले बाबा हसले आणि लगेच पेपरात तोंड घातलं. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी शांतपणे बोलायची त्यांना सवय होती, पण घरात ही कला त्यांनी कधी वापरली नाही.

"तुम्ही हसू नका," आई म्हणाली. "दिवसाला पाच तास अभ्यास लिहिलाय तिला. पाच तास. त्यातला एक तरी होतो का?"

"कारण तो होण्यासारखा नाहीच," ठसका म्हणाली. "कॉलेजातून साडेतीनला येते मी. चार ते साडेनऊ डोकं चालतं कुणाचं? तुझ्या वॉर्डात लावतेस का अशी ड्यूटी?"

"लावते. माणूस कमी पडलं की लावते."

"आणि मग?"

आईने नळ बंद केला. "आणि मग चुका होतात," ती म्हणाली, नाइलाजाने, दुसरीकडे बघत.

"झालं तर."

"काय झालं? तू स्वतः कर मग. कर तुझं वेळापत्रक, बघते मी. नेट बंद करणार नाही. पण पुढच्या शनिवारी संख्याशास्त्राच्या क्लासची चाचणी आहे, ती मला दाखवायची."

"दाखवीन."

"आणि हे चाललंय ते योग्य आहे असं सिद्ध करून दाखव. तोंडाने नाही."

तिने फ्रिजवरचा कागद टरकावला आणि खोलीत जाऊन नवा लिहिला. रोज तीन तास अभ्यास, रोज दोन मॅच. छान दिसत होतं. कागदावर सगळंच छान दिसतं.

सोमवारी ती दोन मॅच खेळली, एक जिंकली, एक हरली, उठली. मंगळवारी पहिलीच हरली, दुसरीही हरली. कॅप्टन हेडफोनमधून कानात म्हणाला, "हरून उठायचं नसतं गं, भिंत. एक जिंकू आणि मग बंद." ती तिसरी खेळली. चौथी खेळली. बुधवारी उठली वेळेवर, पुस्तक उघडलं, आणि पुस्तकाच्या पानावर तो दरवाजा पुन्हा फुटायला लागला. आपण डावीकडून का गेलो? मागच्याने आपल्याला वाचवलं का नाही? तो कोण समजतो स्वतःला? तासाभराने पाहिलं तर पान तेच. वेळापत्रकावर मात्र तिने 'अभ्यास' समोर बरोबरची खूण केली, कारण खुर्चीत तर बसली होती.

आई सगळं बघत होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. बोलली असती तर निदान भांडता आलं असतं. या गप्प बसण्याने ठसक्याच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

शनिवारी चाचणी झाली. चाळीसपैकी अकरा.

तिने उत्तरपत्रिका टेबलावर आपटली. "घे. बघ. झालं समाधान?"

आईने बघितली. "माझं कसलं समाधान?"

"बोल ना. कॉम्प्युटर विकून टाक म्हण. सगळ्यांच्या आया म्हणतात."

"सिद्ध करून दाखवणार होतीस."

"करते," ठसका म्हणाली. "आत्ता करते. इथेच बसते. सहा आठवडे होते त्यातला एक गेला, पाच उरले. पाच आठवड्यांत दोनशे पॉइंट होतात आणि पेपरही होतो, हे मी तुला गणिताने दाखवते. मग काय बोलशील?"

"काही नाही बोलणार."

तिने पेन घेतलं. बाबांनी पेपराची घडी केली. हे बघण्यासारखं होतं.

या सीझनच्या सगळ्या मॅच खेळातच नोंदलेल्या असतात, तारीख-वेळेसकट. फोनवर तिने ते उघडलं. एकूण दोनशे. जिंकल्या एकशे चार, हरल्या शहाण्णव. म्हणजे दोनशे मॅच घालून हातात उरल्या आठ. वर जायला निव्वळ दहा जास्तीच्या हव्यात. दोनशेला आठ, तर दहाला...

पेन थांबलं.

"किती?" बाबांनी विचारलं.

"अडीचशे."

"अडीचशे काय?"

"अडीचशे मॅच. अजून." तिने पुन्हा भागून पाहिलं. तेच आलं. चाळीस मिनिटांनी गुणलं: दीडशेच्यावर तास. पाच आठवड्यांत म्हणजे रोज पावणेपाच तास, एकही दिवस खंड न पाडता. आईने जितका अभ्यास लिहिला होता जवळजवळ तितकाच. कॉलेज, जेवण, झोप यांतून उरणारा सगळा वेळ दळणात, आणि पेपर कुणी द्यायचा?

"चुकलं असेल कुठेतरी," बाबा म्हणाले, समजुतीच्या सुरात.

"चुकलेलं नाही," ती खेकसली. "तेच तर आहे ना."

ती उठून गेली असती. पण आई समोर हात बांधून बसली होती, आणि आईसमोरून हरून उठणं तिला जमणार नव्हतं. तिने यादी पुन्हा वर ढकलली. काहीतरी असलंच पाहिजे. ती वाईट खेळत नाही, हे तिला ठाऊक होतं. मग सगळ्या मॅच तिने वेगळ्या लावायला घेतल्या. दिवसातल्या पहिल्या दोन एका बाजूला, तिसरी आणि तिच्यानंतरच्या दुसऱ्या बाजूला. बाबा आकडे वाचत गेले, ती रेघा मारत गेली. आईने मधेच उठून दिवा लावला आणि परत येऊन बसली.

पहिल्या दोन: एकशेवीस मॅच, सत्तर जिंकल्या, पन्नास हरल्या. वीस जास्तीच्या.

तिसरीपासून पुढच्या: ऐंशी. चौतीस जिंकल्या, सेहेचाळीस हरल्या. बारा कमी.

तिने त्या दोन रेघांकडे बघितलं आणि तिला ओरडावंसं वाटलं. वर जायला दहा हव्या होत्या. बारा तर तिने स्वतःच्या हाताने घालवल्या होत्या. रोज दोनवर उठली असती तर आज वरच्या श्रेणीत बसून पाय हलवत असती. जितकं जास्त दळलं तितकं पीठ सांडलं. आणि ती कॅप्टनचं ऐकत होती: हरून उठायचं नसतं.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही."

"तोंड बघ तुझं."

"मी मूर्ख आहे, झालं? लिहून देऊ? तिसरी मॅच मी कधी खेळते माहितीये? चिडले की. चिडून खेळते, म्हणून हरते, म्हणून अजून चिडते, म्हणून चौथी खेळते." तिने पेन फेकलं. ते फ्रिजखाली गेलं. "आणि मग चिडूनच पुस्तक उघडते."

आईने उत्तरपत्रिका बाजूला सरकवली. मग म्हणाली, "किती वेळ टिकते?"

"काय?"

"चीड. हरल्यावर."

ठसक्याला वाटलं, आई टोमणा मारतेय. पण आईचा चेहरा वॉर्डातला होता, रोग्याला दुखतंय कुठे असं विचारतानाचा.

"वीस मिनिटं. कधी जास्त."

"मग ती लिही."

"काय लिही?"

"वेळापत्रकात. राग, वीस मिनिटं. येतोच ना दर वेळी? मग त्याला जागा नको? एकीची पाळी संपली आणि दुसरीची सुरू झाली की मध्ये पंधरा मिनिटं रोगी समजावून द्यायला जातात. मी नवी होते तेव्हा ती धरलीच नव्हती. सगळ्या रोज उशिरा घरी जायच्या आणि मला शिव्या घालायच्या."

"तुला?"

"तोंडावर नाही. पण कळतं."

बाबांनी फ्रिजखालून पेन काढून दिलं. त्यांच्या बाहीला धूळ लागली.

तिसरं वेळापत्रक भांडतच झालं. मर्यादा तासांची नाही, मॅचची. हे आईने मान्य केलं. दिवसाला दोन, हरो वा जिंको, आणि शेवटची संपल्यावर वीस मिनिटं पुस्तकाला हात लावायचा नाही. जिने चढा-उतरा, आदळआपट करा, काहीही. नेट कुणी बंद करणार नाही. अभ्यास पाऊण-पाऊण तासाचा, मधे सुट्टी, आणि खूण खुर्चीत बसल्याची नाही, सोडवलेल्या गणितांची. आठवड्यात एक संध्याकाळ कोरी. जे राहील ते तिथे.

अडलं ते दिवसांवर.

"पहिल्या दोनच खेळले तर साठ मॅचमध्ये होतं," ठसका म्हणाली. "आठवड्याला बारा. सहा दिवस, दोन-दोन. एक दिवस सुट्टी."

"आधी अभ्यास कर, मग खेळ," बाबा म्हणाले. "म्हणजे दोन्ही झालं."

"होय," आई म्हणाली, "असं करता येईल."

इथे ठसक्याने नुसतं 'हो' म्हटलं असतं तर मिटलं असतं. आईबाप दोघंही तयार होते. दोनशे पॉइंट समोर दिसत होते. तिने 'हो' म्हणायला तोंड उघडलंही.

"नाही करता येत," ती म्हणाली, आणि असं म्हणताना तिला दोघांचा, कॅप्टनचा, खेळाचा, त्या संख्याशास्त्राचा भयंकर राग आला. "खेळायचं असतं त्या दिवशी आधीही डोकं तिथेच असतं. तीन तास बसले तर दीड तास होतो. मला माहितीये ना. सहा दिवस असे घातले तर मी पुन्हा नापास होणार."

"मग किती दिवस?" आईने विचारलं.

"तीन. बुध, शनि, रवि."

"त्यात ते तुझं वरचं होईल?"

"नाही. पाच आठवड्यांत तीस मॅच. निम्म्यावर राहीन. सरासरीने. नशीब फळफळलं तर जास्त." तिने कागद आईकडे सरकवला. "आता खुश?"

"मी खुश दिसतेय का तुला?" आई म्हणाली.

कॅप्टनला तिने दुसऱ्या दिवशी फोन केला.

"बुध, शनि, रवि," तो म्हणाला. "हे काय, दवाखाना आहे का? सीझन संपतोय, आणि तू वार सांगतेस?"

"तुझी परीक्षा नाही म्हणून."

"आहे की. मी नाही रडत बसत."

"गेल्या वेळी किती विषय राहिले तुझे?"

"त्याचा काय संबंध?"

"तिसऱ्या मॅचपासून पुढे आपण किती हरतो, मोजलंयस कधी?"

"भिंतीने उभं राहायचं असतं. हिशेब नाही करायचा. बाकीच्या दिवशी मी दुसरीला घेतो, मग तक्रार नको."

"घे."

तिने फोन उशीवर फेकला, जमिनीवर नाही. फोन नवा होता.

पुढचे आठवडे काही सरळ गेले नाहीत. एका बुधवारी सर्व्हर बंद पडला आणि ती दाणदाण पाय आपटत फिरली. एकदा चुलत बहिणीच्या साखरपुड्यात शनिवार गेला. तो रविवारी चार खेळून भरून काढावा असं वाटलं, आणि भरला नाही. रागाच्या वीस मिनिटांत ती सहा मजले उतरून चढायची. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा विचारायचे, "लिफ्ट बंद का?" ती म्हणायची, "नाही, मी बंद आहे." मधल्या चाचणीत चाळीसपैकी तेवीस आले. आईने मान हलवली आणि एकच वाक्य बोलली, "संभाव्यतेचं प्रकरण कच्चं आहे अजून." हे ऐकूनही तिला राग आला, कारण खरं होतं.

पण खेळात भलतंच घडत होतं. नशीब फळफळलं होतं. शेवटचा रविवार उजाडला तेव्हा चोवीस मॅचमध्ये तिने आठ जास्तीच्या जिंकल्या होत्या. वरची श्रेणी दोन विजयांवर. त्या दिवशीच्या मॅचही दोनच. सीझन त्याच दिवशी संपत होता. पेपर मंगळवारी.

कॅप्टनचा सूर बदलला होता. "तू आणि मी, दोघं एकदम वर जाऊ. आजच."

दुपारी साडेतीनला पहिली मॅच लागली. जिंकले. बाबा दाराशी येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. दुसरी मॅच लागली. ती शेवटपर्यंत ताणली गेली, भिंत दोनदा पडली आणि दोनदा उठली, आणि अगदी शेवटी मागचा एकजण भलतीकडे पळाला. हरले.

पुन्हा चाळीस पॉइंट खाली. म्हणजे पुन्हा दोन विजय.

"चल, लाव," कॅप्टन कानात म्हणाला. "अजून वेळ आहे. दोन जिंकायच्या, बस."

तिची बोटं अजून कीबोर्डवरच होती. दोनच. पाच वाजले होते. सगळी संध्याकाळ पडली होती. आणि तिच्या डोक्यात, नको असताना, आकडे चालू झाले. तिसरी मॅच ती शंभरातल्या बेचाळीस वेळा जिंकते. चौथीही तशीच. दोन्ही लागोपाठ जिंकण्याची शक्यता म्हणजे गुणाकार. पाचातून एकदासुद्धा नाही. आणि हरली तर पाचवी, सहावी. आणि मग सोमवार कसा जातो ते तिला पाठ होतं.

"मी उठतेय," ती म्हणाली.

"काय?"

"दोन झाल्या माझ्या."

"वेडी आहेस का तू? दोन विजय राहिलेत. इतके महिने घासलीस ती कशाला?"

"माहितीये मला कशाला."

"मग आत्ता पळालीस तर पुन्हा टीममध्ये घेणार नाही. सांगून ठेवतो. कायमचं."

"पळायला मॅच चालू असावी लागते," ती म्हणाली, आणि हेडफोन काढला.

मग ती जिन्याकडे गेली नाही. ती खोलीच्या मध्यभागी उभी राहिली आणि रडली, रागाने, मुठी आवळून, नाक पुसायचंही भान न ठेवता. आई आली. तिने खांद्यावर हात ठेवला, तो ठसक्याने झटकला. आई तिथेच, हाताच्या अंतरावर, उभी राहिली.

"झालं असतं कदाचित," ठसका म्हणाली.

"झालं असतं," आई म्हणाली.

"बरं केलंस असं म्हणू नकोस."

"नाही म्हणत."

साडेपाचला ती टेबलाशी बसली. डोळे सुजलेले, डोकं ठणकत होतं. संभाव्यतेच्या प्रकरणातलं पहिलं गणित चुकलं. दुसरं चुकलं. तिसरं तिने इतक्या जोरात लिहिलं की मागच्या पानावर अक्षरं उठली. ते बरोबर आलं.

मंगळवारी पेपर झाला. महिन्याने निकाल लागला: शंभरात एकसष्ट. वर्ष वाचलं. बाबांनी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं. कॅप्टन त्या रविवारी दुसऱ्या मुलीला घेऊन खेळला आणि वर गेला. खरंच गेला. त्याने शब्दही पाळला, ठसक्याला टीममध्ये परत घेतलं नाही. ती आता अनोळखी लोकांबरोबर खेळते, आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन.

परवा मावशीने कौतुकाने विचारलं, "केवढा गं तुझा निग्रह. आता वाटतं ना, बरोबर केलं म्हणून?"

"बरोबर केलं," ठसका म्हणाली. "आणि बरोबर केलं याचाच मला अजूनही राग येतो."